झोपेची गोळी, वेदनाशामक आणि दारू: श्वास मंदावण्याचा धोका नुसत्या बेरजेने का मोजता येत नाही

प्रश्न: माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. बऱ्याच वर्षांपासून ते रात्री क्लोनाझेपामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी घेतात. कंबरदुखीसाठी आता ट्रॅमाडॉलही सुरू झाले आहे. शनिवारी रात्री त्यांचे दोन लार्ज पेग ठरलेले असतात. ते म्हणतात, "मी दोन तासांचे अंतर ठेवतो आणि मला सवय आहे." अंतर ठेवले तर चालते का? आणि धोका नेमका कशाचा?

उत्तर: चालत नाही. या तीन पदार्थांच्या बाबतीत दोन तासांच्या अंतराला फारसा अर्थ नाही आणि सवय ज्या गोष्टीची होते ती गोष्ट श्वासाचे रक्षण करणारी नाही. मी भूलतज्ज्ञ आहे आणि अतिदक्षता विभागातही काम करतो. माणसाला झोपवणे आणि झोपेत त्याचा श्वास चालू ठेवणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे, हा धोका शरीरात कसा तयार होतो ते जरा विस्ताराने लिहितो.

आपला समज असा असतो की शरीराला प्राणवायू हवा असतो म्हणून आपण श्वास घेतो. प्रत्यक्षात श्वासाची लय प्रामुख्याने ठरते ती कार्बन डायऑक्साइडवरून. मेंदूच्या तळाशी, मानेच्या वरच्या टोकाजवळ जो मेंदूचा देठासारखा भाग असतो, तिथल्या पेशींचा एक छोटा समूह श्वासाचा ताल निर्माण करतो, आणि त्याच्या शेजारच्या पेशी रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर सतत लक्ष ठेवतात. निरोगी माणसात हा दाब पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटरच्या दरम्यान राहतो. तो थोडा जरी वाढला तरी या पेशी श्वास खोल आणि जलद करतात व तो पुन्हा जागेवर आणतात. जागेपणी याला आणखी एक आधार असतो: आपण जागे आहोत एवढ्यानेच मेंदू श्वासाला चालना देत राहतो. झोप लागली की हा आधार निघून जातो आणि सगळा भार कार्बन डायऑक्साइडच्या त्या पहारेकऱ्यावर पडतो. म्हणूनच या मिश्रणाचा धोका दिवसा खुर्चीत बसलेल्या माणसापेक्षा रात्री अंथरुणात पडलेल्या माणसाला कितीतरी जास्त असतो.

आता तिन्ही पदार्थ कुठे काम करतात ते पाहू. मेंदूत 'गाबा' नावाचे एक रसायन पेशींना शांत करण्याचे काम करते. ते पेशीवरच्या एका दाराला चिकटते, दार उघडते, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी संदेश पाठवण्याचे थांबते. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम या गटातली औषधे हे दार स्वतः उघडत नाहीत. गाबा आला की ते अधिक वेळा उघडेल एवढेच ती करतात. त्यामुळे त्यांच्या परिणामाला एक नैसर्गिक मर्यादा आहे, आणि याच मर्यादेमुळे या गटातली एखादी गोळी एकटीच तोंडाने जास्त घेतली गेली, तर बहुतेक धडधाकट माणसे खूप झोपतात पण मरत नाहीत. "या गोळ्या सुरक्षित असतात" हा समज इथूनच आला आहे, आणि तो दारूचा पेला हातात नसेल तोवर बराचसा खराही आहे. दारू मात्र त्याच दारावर दुसऱ्या बाजूने जोर लावते आणि शिवाय मेंदूला जागे ठेवणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाचे कामही रोखते. म्हणजे एका बाजूने ब्रेक अधिक घट्ट दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूने इंजिनाची ताकद काढून घेतली जाते. गोळीला जी मर्यादा होती ती दारूच्या सोबत टिकत नाही.

ट्रॅमाडॉलचा मार्ग वेगळा आहे. ते अफूच्या वर्गातले औषध आहे. मॉर्फीनच्या तुलनेत ते सौम्य आहे, तरी त्या वर्गाचा मूळ गुण त्यात आहेच. या औषधांना चिकटण्याच्या जागा थेट श्वासाचा ताल धरणाऱ्या पेशींवरच असतात. परिणामी श्वासांची संख्या कमी होते आणि कार्बन डायऑक्साइड वाढला तरी पहारेकरी पूर्वीइतका सावध होत नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत शनिवारी रात्री एकाच कामावर तीन वेगवेगळ्या दिशांनी दाब येतो.

तो दाब एकमेकांत मिळवण्याऐवजी गुणला का जातो, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. झोपलेल्या माणसाचा श्वास अडखळला तर त्याला वाचवणाऱ्या तीन गोष्टी एकामागून एक उभ्या असतात. पहिली, वाढत्या कार्बन डायऑक्साइडला प्रतिसाद देऊन श्वास वाढवणे. दुसरी, जीभ आणि घशाच्या स्नायूंचा ताण, जो हवेची वाट उघडी ठेवतो. तिसरी, वरच्या दोन्ही कमी पडल्या तर दचकून जागे होणे, कूस बदलणे, खोकणे. यातली एक गोष्ट निम्म्याने दुबळी झाली तरी उरलेल्या दोघी सांभाळून घेतात आणि सकाळी कोणाला काही कळतही नाही. वडिलांनी आजवर फक्त गोळी घेतलेल्या रात्री अशाच निभावल्या आहेत. दारू आणि गोळी मिळून घशाचे स्नायू सैल करतात, ट्रॅमाडॉल पहिला प्रतिसाद बोथट करते, आणि तिन्ही मिळून जागे होण्याचा उंबरठा इतका वर नेतात की गुदमरत असूनही माणूस हलत नाही. समजा एरवी दहा वेळा अडखळल्यावर एक वेळ पहिली फळी चुकते, त्यांपैकी दहातून एकदा दुसरी, आणि त्यांतून दहातून एकदा तिसरी. म्हणजे हजारात एकदा तिन्ही एकाच वेळी चुकतात. प्रत्येक फळी फक्त तिप्पट दुबळी झाली, तर तेच प्रमाण हजारात सत्तावीस होते. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, कोणत्याही रुग्णाचे मोजमाप नाही. पण वाढ या रीतीने होते, आणि म्हणूनच "थोडीशी गोळी आणि थोडीशी दारू" यांचा परिणाम थोडासा राहीलच असे नाही.

वयाचा परिणाम प्रत्यक्ष मोजलेलाही आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१७ साली तरुण आणि वृद्ध स्वयंसेवकांना ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय वेदनाशामकाची २० मिलिग्रॅमची एक गोळी देऊन, त्यासोबत शिरेतून मोजून अल्कोहोल दिले होते. एकट्या गोळीने श्वासातून आत-बाहेर होणारी हवा २८ टक्क्यांनी घटली, आणि रक्तातले अल्कोहोल दर लिटरला एक ग्रॅमपर्यंत नेल्यावर ही घट ४७ टक्क्यांवर गेली. श्वास काही काळ पूर्ण थांबण्याचे प्रसंग वृद्ध गटात अधिक दिसले. ऑक्सिकोडोन ट्रॅमाडॉलपेक्षा बरेच जोरदार आहे, त्यामुळे हे आकडे तुमच्या वडिलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्या प्रयोगात क्लोनाझेपाम नव्हते आणि स्वयंसेवक निरोगी होते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

हवा निम्म्यावर आली की काय होते? शरीर कार्बन डायऑक्साइड पूर्वीच्याच वेगाने तयार करत असते, म्हणून फुप्फुसांत खरोखर पोहोचणारी हवा निम्मी झाली तर त्याचा दाब काही वेळाने जवळपास दुप्पट होतो, म्हणजे ४० वरून ८० च्या आसपास जातो. इतका वाढलेला कार्बन डायऑक्साइड स्वतःच गुंगी आणणारा असतो. म्हणजे श्वास मंदावल्याने गुंगी वाढते आणि गुंगीने श्वास आणखी मंदावतो. या टप्प्याच्या पुढे माणूस आपला आपण परत येण्याची शक्यता कमी होत जाते.

कोविडनंतर अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे आणि "ऑक्सिजन ९६ आहे, म्हणजे ठीक आहे" असे समजून लोक निर्धास्त होतात, म्हणून त्याविषयी स्पष्ट सांगतो. ते यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. शिवाय रक्तातला प्राणवायू बराच वेळ चांगला आकडा दाखवतो आणि मग थोड्या मिनिटांत घसरतो. घरात ऑक्सिजनचे यंत्र असेल आणि कोणी ते लावले, तर आकडा ९८ राहू शकतो आणि श्वास मात्र मिनिटाला पाच-सहावर आलेला असू शकतो. कमी आकडा दिसला तर तो खरा धोका समजावा. चांगल्या आकड्यावर मात्र विसंबू नये. श्वास मोजावेत.

आता अंतराचा हिशेब करू. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे ६० मिलिलिटरच्या एका लार्ज पेगमध्ये जवळपास २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते, आणि दोन पेगमध्ये ४० ग्रॅम. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल संपवते. आठ वाजता पिणे सुरू झाले असेल तर ४० ग्रॅम संपायला मध्यरात्रीपासून पहाटे दोनपर्यंतचा वेळ लागतो. साडेनऊला दुसरा पेग संपला आणि साडेअकराला गोळी घेतली, तर गोळीचा परिणाम चढत असताना दारू रक्तात आहेच, आणि दोन्हींवर गाढ झोपेची भर पडते.

पण याहून महत्त्वाची गोष्ट क्लोनाझेपामबद्दल आहे. त्याचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला साधारण ३० ते ४० तास लागतात. ३५ तास धरले तर २४ तासांनंतर आदल्या रात्रीच्या गोळीचा सुमारे ६२ टक्के भाग शरीरात शिल्लक असतो, त्याच्यावर आजची गोळी पडते, उद्या परत तेच. आठवडाभरात हे प्रमाण स्थिरावते, आणि तेव्हा रोजची गोळी घेण्याच्या आधीच शरीरात दीड गोळीपेक्षा थोडे अधिक औषध असते. म्हणजे शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, त्या दिवशीची गोळी डबीतच असताना, वडील क्लोनाझेपामच्या प्रभावाखाली असतात. रोज गोळी घेणाऱ्या माणसाला दोन तास, चार तास किंवा "आज गोळी वगळतो" या कोणत्याच उपायाने मोकळी संध्याकाळ मिळत नाही. ट्रॅमाडॉल तुलनेने लवकर उतरते, सहा ते सात तासांत निम्मे होते, पण दिवसातून दोन-तीनदा घेतल्यावर तेही सतत असतेच, आणि वयाबरोबर मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर जास्त रेंगाळते.

सवयीबद्दल वडील खोटे बोलत नाहीत. दोन पेगनंतर त्यांचा तोल जात नसेल, जीभ अडखळत नसेल. शरीर दारूच्या आणि गोळीच्या नशेला सरावते, म्हणून तोच परिणाम अनुभवायला अधिक मात्रा लागते. पण श्वास बंद पाडणारी मात्रा त्याच प्रमाणात पुढे सरकत नाही. सराव वाढत जातो तसे "मला काही होत नाही" असे वाटणे आणि प्रत्यक्षात श्वास थांबणे यांतले अंतर कमी होते. आणि ट्रॅमाडॉलची तर त्यांना सवय नाहीच. ते नवीन आहे. वर्षानुवर्षे निभावलेल्या दिनक्रमात एक नवे औषध शिरले की जुना अनुभव त्या रात्रीला लागू होत नाही. माझ्या पाहण्यात बिघाड बहुधा अशाच वळणावर होतो: दात काढल्यानंतरची वेदनाशामक गोळी, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, नसांच्या दुखण्यासाठी सुरू झालेले प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन, सर्दीसाठी घेतलेली झोप आणणारी गोळी. यांतली कोणतीही गोष्ट घरच्यांना "नशेची" वाटत नाही.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ साली अफूवर्गीय वेदनाशामके आणि क्लोनाझेपामच्या गटातली औषधे एकत्र घेण्याविरुद्ध आपला सर्वात कडक इशारा त्यांच्या माहितीपत्रकांवर छापायला लावला, आणि त्यात दारूसारख्या इतर गुंगीकारक पदार्थांचाही उल्लेख आहे. आपल्याकडे अल्प्राझोलाम, झोल्पिडेम आणि ट्रॅमाडॉल ही एच-१ अनुसूचीतली औषधे आहेत. त्यांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो आणि औषधविक्रेत्याला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. घरातल्या पाकिटांवर ती चौकट शोधा. ती दिसली तर त्या औषधासोबत दारू चालते का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नका.

आता सर्वात कळकळीने सांगायची गोष्ट. दारू पिऊन आणि गोळी घेऊन झोपलेला माणूस मोठ्याने घोरू लागला की घरचे म्हणतात, "छान झोप लागली आहे, उठवू नका." ते घोरणे अनेकदा जवळपास बंद झालेल्या घशातून हवा खेचण्याची धडपड असते. घोरणे खोल, घरघरणारे किंवा ओलसर होणे, मध्येच दहा सेकंद किंवा अधिक शांतता होणे आणि मग धाप टाकल्यासारखा एक मोठा श्वास येणे, मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास, ओठ किंवा नखे निळसर वा राखाडी होणे, अंग थंड व चिकट लागणे, आणि खांदा जोरात हलवून नावाने हाक मारली तरी डोळे न उघडणे, यांपैकी काही दिसले तर ती झोप समजू नका. श्वास मोजताना पोटावर किंवा छातीवर हात ठेवून घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण अशा वेळी श्वास अनियमित असतो.

अशा वेळी ताबडतोब १०८ किंवा ११२ ला फोन करा. श्वास चालू असेल तर माणसाला एका कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवा, डोके किंचित मागे आणि तोंड खाली झुकलेले ठेवा, म्हणजे जीभ मागे पडणार नाही आणि उलटी झाली तर ती फुप्फुसांत न जाता बाहेर येईल. जवळून हलू नका. लिंबूपाणी, ताक, कॉफी काहीही पाजू नका, कारण गुंगीतल्या माणसाची गिळण्याची क्रिया शाबूत नसते आणि तो घोट श्वासनलिकेत जातो. बोटे घालून उलटी करवू नका, गार पाण्याखाली उभे करू नका. श्वास थांबला असेल किंवा केवळ अधूनमधून उचकीसारखा येत असेल तर पाठीवर झोपवून छातीच्या मधोमध दाब देणे सुरू करा, आणि तोंडाने श्वास देण्याचे प्रशिक्षण झाले असेल तर तेही द्या, कारण इथे मूळ अडचण श्वासाचीच आहे. गोळ्यांची पाकिटे रुग्णवाहिकेसोबत पाठवा आणि दारू घेतल्याचे लपवू नका. बदनामीच्या भीतीने घरचे ही एक गोष्ट गाळतात आणि उपचाराची दिशा ठरवायला उशीर होतो.

रुग्णालयात "उतारा" देऊन सगळे परतवता येते असेही समजू नका. ट्रॅमाडॉलसारख्या औषधांचा परिणाम नॅलोक्झोन काही अंशी उतरवते, पण ते गोळीवर आणि दारूवर काम करत नाही. क्लोनाझेपामच्या गटासाठी फ्लुमाझेनिल आहे, परंतु रोज गोळी घेणाऱ्या माणसाला ते दिल्यास झटके येण्याचा धोका असल्याने आम्ही ते फार जपून वापरतो. दारूवर उतारा नाहीच. म्हणून या मिश्रणाच्या रुग्णात आमचा मुख्य उपचार बहुतेक वेळा घशात नळी घालून कृत्रिम श्वास देणे आणि औषधे उतरेपर्यंत वाट पाहणे हाच असतो. त्या काळात उलटी फुप्फुसात गेल्याने न्यूमोनिया होणे ही नेहमीची गुंतागुंत आहे.

तुमच्या वडिलांसाठी आता काय करावे? क्लोनाझेपाम किंवा ट्रॅमाडॉल चालू आहे तोवर पेग पूर्ण बंद ठेवावेत. आठवड्यातून एकदाच पिणाऱ्याला ते थांबवताना शारीरिक त्रास होत नाही. मात्र ते प्रत्यक्षात रोज पीत असतील तर एकदम बंद करू नका, कारण रोजची दारू अचानक तुटल्यास कंप, भ्रम आणि झटके येऊ शकतात आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. क्लोनाझेपामचेही तसेच आहे. हे वाचून आज रात्रीपासून गोळी फेकून देऊ नका. वर्षानुवर्षे घेतलेली गोळी अनेक आठवडे किंवा महिने लावून टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. कंबरेचे औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना क्लोनाझेपाम आणि शनिवारच्या पेगची माहिती होती का, हे मात्र या आठवड्यातच विचारा. अनेकदा झोपेची गोळी एका दवाखान्यातून आणि दुखण्याची दुसऱ्या दवाखान्यातून आलेली असते, आणि दोन्ही चिठ्ठ्या कोणी एकत्र पाहिलेल्याच नसतात. कंबरदुखीसाठी श्वासावर परिणाम न करणारे पर्याय असतात आणि त्यांची मूत्रपिंडे, रक्तदाब व पोटाची स्थिती पाहून ते निवडता येतात.

आणि ते एरवीही, काहीही न पिता, मोठ्याने घोरत असतील, घोरताना मध्येच थांबत असतील किंवा दिवसा बसल्याबसल्या डुलक्या घेत असतील, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि झोपेची तपासणी करून घेण्याबद्दल विचारा. अशा माणसाच्या घशाची वाट झोपेत आधीच बंद पडत असते. त्याच्या बाबतीत रोजची क्लोनाझेपामची गोळीसुद्धा पुन्हा विचारात घ्यावी लागते, पेला हातात असो वा नसो.